मूल अडखळतं तेव्हा

सव्वातीन वर्षांचा एक मुलगा घ्या. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत घडाघडा बोलायचा. आता धावत येऊन म्हणतो, "आ-आ-आ-आई, मलाऽऽऽ..." आणि पुढचा शब्द फुटतच नाही. तोंड उघडं, आवाज बंद. आजी म्हणते, "घाई करू नकोस बाळा, नीट बोल." बाबा त्याचं वाक्य पुरं करून टाकतात. दोघांचंही प्रेमच असतं, पण आपल्या बोलण्यात काहीतरी चुकतंय, एवढंच त्या मुलाला त्यातून कळतं.

अडखळणं बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतं. मूल घाबरलं, कुणाची नक्कल केली किंवा आईबापांनी रागावलं म्हणून ते होत नाही. बोलण्याची जुळवाजुळव करणाऱ्या मेंदूच्या घडणीत त्याचं मूळ असतं, आणि बरेचदा घराण्यात आणखी कुणाला तरी तो त्रास असतो. म्हणून जिभेला वेखंड चोळून किंवा जिभेखालची तार कापून काही साधत नाही. तोतरेपणा हा जिभेचा दोष नाहीच.

घरी बदलायचा तो आपला वेग, मुलाचा नव्हे. त्याला "हळू बोल" सांगण्याऐवजी आपणच सावकाश बोलावं. त्याचं बोलणं संपलं की मनात एक-दोन अंक मोजावेत, मग उत्तर द्यावं. शाळेतून आल्याआल्या "डबा संपवला? बाई काय म्हणाल्या? कोण रडलं?" अशी सरबत्ती करण्यापेक्षा "आज डबा रिकामा दिसतोय" एवढंच म्हणून थांबावं. सांगायचं असेल तर तो आपणहून सांगतो. रोज पाच मिनिटं मोबाइल बाजूला ठेवून, तो म्हणेल तो खेळ खेळावा. मोठी ताई मध्येच बोलत असेल, तर प्रत्येकाची पाळी ठरवून द्यावी. शब्द फारच अडला आणि तो रडवेला झाला, तर "तो शब्द जरा अवघड गेला, हो ना?" असं सहज म्हणावं. गप्प बसून विषय टाळण्यापेक्षा हे मला कितीतरी बरं वाटतं.

बहुतेक मुलांचं अडखळणं आपोआप जातं. पण कुणाचं जाईल हे आधी ठामपणे सांगता येत नाही, म्हणून "मोठा झाला की सुटेल" या भरवशावर वर्षानुवर्षं राहू नये. सहा महिने उलटले, घरात कुणाला मोठेपणीही तोतरेपणा आहे किंवा अडखळणं साडेतीन वर्षांनंतर सुरू झालं, तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जावं. बोलताना डोळे मिटणं, मान झटकणं, पाय आपटणं, शब्द टाळणं किंवा "मला बोलता येत नाही" म्हणणं सुरू झालं असेल, तर सहा महिनेही थांबू नये. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ही सोय आहे. अनेक मोठ्या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागातही चौकशी करता येते.

जाताना घरच्या बोलण्याचं मोबाइलवर केलेलं चित्रीकरण सोबत न्यावं. तोतरेपणा कमीजास्त होत असतो, आणि नेमकं तज्ज्ञांसमोर मूल अस्खलित बोलतं.