लेखांक सातवा : लोंबता दोर लांबतो का?

गेल्या लेखांकात आपण दोराचा मूळ नियम पाहिला. दोर म्हणजे बिंदूंची माळ. प्रत्येक बिंदूची आजची आणि मागच्या फ्रेममधली अशी दोनच स्थाने आपण जतन करतो, त्यांच्या फरकालाच वेग समजतो, त्यात गुरुत्वाकर्षणाची भर घालून बिंदू पुढे सरकवतो, आणि मग प्रत्येक दुव्याची लांबी तपासून, ती वाढली असेल तर दोन्ही टोकांना निम्मी-निम्मी चूक वाटून देऊन त्यांना जवळ ओढतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लू व्हर्ले यांनी 1967 साली द्रवातील रेणूंच्या गणनेसाठी वापरलेली ही रीत खेळांच्या जगात रूढ झाली ती मुख्यतः थॉमस याकोबसेन यांच्या 2001 सालच्या निबंधामुळे. ‘हिटमॅन: कोडनेम 47’ या खेळातील निष्प्राण देहांची हालचाल त्यांनी याच रीतीने साधली होती. ही रीत सोपी खरी. परंतु ती प्रथमच चालवून पाहणाऱ्यास बहुधा असे आढळते, की दोर दोरासारखा न वागता रबरासारखा लांबत जातो. आजचा लेख या एकाच दोषाच्या कारणमीमांसेस वाहिलेला आहे.

छताला टांगलेला वीस दुव्यांचा एक दोर घेऊ. प्रत्येक दुवा 12 पिक्सेलांचा, म्हणजे दोराची मुक्रर लांबी 240 पिक्सेल. सेकंदाला 60 फ्रेम, आणि गुरुत्वाकर्षण 1800 पिक्सेल प्रति सेकंद वर्ग. तेव्हा `g * dt * dt` या हिशेबाने प्रत्येक बिंदू दर फ्रेमला अर्धा पिक्सेल खाली उतरतो. वीस बिंदूंची मिळून ही उतरण होते 10 पिक्सेल. आता दोर स्तब्ध लोंबत राहायचा, तर ही सारी उतरण त्याच फ्रेममध्ये फिटली पाहिजे. पण मधल्या दुव्यांकडून ती फिटत नाही, कारण असा प्रत्येक दुवा एका बिंदूला जितका वर ओढतो, तितकाच दुसऱ्याला खाली ओढतो आणि जमाखर्च पुन्हा जागच्या जागी येतो. बाहेरून आधार मिळतो तो एकाच ठिकाणी, छताच्या खिळ्याशी; खिळा हलत नसल्यामुळे तेथली चूक निम्मी न वाटता सारी खालच्या बिंदूलाच दिली जाते. तेव्हा पहिल्या दुव्याला एकट्याने 10 पिक्सेलांची दुरुस्ती करावी लागते, आणि दहा पिक्सेल दुरुस्त करायचे म्हणजे तो तितका ताणलेला असलाच पाहिजे.

दुव्यांवरून वरपासून खालपर्यंत एकच फेरी मारली, तर हा हिशेब शेवटपर्यंत नेता येतो : पडद्यावर पहिला दुवा साडेनऊ पिक्सेलांनी वाढलेला दिसतो, दुसरा नऊ, तिसरा साडेआठ, आणि असे उतरत उतरत विसावा तेवढा आपल्या मुक्रर लांबीवर राहतो. बेरीज 95. म्हणजे 240 पिक्सेलांचा दोर 335 वर स्थिरावतो, आणि वरचे दुवे खालच्यांपेक्षा लांब दिसणे हीच या दोषाची हमखास खूण होय.

यावर सर्वत्र सांगितली जाणारी तजवीज म्हणजे फेऱ्या वाढवणे. दहा फेऱ्या मारल्या की तीच दुरुस्ती दहा हप्त्यांत विभागली जाते आणि वाढ साधारणपणे दशांशावर, सुमारे दहा पिक्सेलांवर येते. परंतु तितक्याच श्रमात याहून पुष्कळ अधिक साधते, हे 2019 साली माइल्स मॅकलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. फेऱ्या वाढवण्याऐवजी काळच दहा सबस्टेपमध्ये कापावा, आणि प्रत्येक सबस्टेपला फेरी एकच मारावी :

```js
const h = dt / 10;
for (let s = 0; s < 10; s++) {
  fall(points, g * h * h);
  pull(links);
}
```

येथे काळाचा वर्ग होतो, ही किल्ली आहे. काळ दशांश झाला की उतरण शतांश होते, अर्ध्या पिक्सेलाच्या जागी 0.005, आणि वरचा सारा हिशेब उतरणीच्या प्रमाणात असल्यामुळे 95 पिक्सेलांची वाढ 0.95 वर येते. एका पिक्सेलाहून कमी वाढ डोळ्यांना जाणवत नाही.

मात्र दोन गोष्टींची दक्षता घ्यावी लागते. दोराचे झोके मंदावण्यासाठी वेगाला दर फ्रेमला 0.99 ने गुणले जात असेल, तर तोच गुणक सबस्टेपमध्ये तसाच ठेवल्यास तो फ्रेममागे दहादा लागून 0.904 इतका कडक होतो आणि दोर मधात बुडाल्यासारखा सुस्त हलतो, तेथे 0.999 घ्यावा. दुसरी गोष्ट अधिक छुपी आहे. स्थाने 32 बिटांच्या दशांश संख्यांत ठेवली असतील, तर खेळाच्या नकाशात 1,31,072 पिक्सेलांच्या पलीकडे लगतच्या दोन संख्यांतील अंतरच सुमारे 0.0156 असते, मग 0.005 ची भर गोलांकनात नाहीशी होते आणि स्थिर दोराला गुरुत्वाकर्षण लागूच होत नाही. म्हणून दोराची स्थाने नकाशाच्या आरंभापासून न मोजता त्याच्याच खिळ्यापासून मोजावीत.

हीच बिंदूंची माळ झुलता पूल म्हणून वापरली, तर पुलाला दोन खिळे असतात म्हणून त्याचा भार निम्मा होतो, असा समज करून घेऊ नये. पुलाचा झोळ त्याच्या रुंदीच्या दशांशाइतकाच असेल, तर टोकाशी येणारा ताण त्याच्या संपूर्ण वजनाच्या सव्वापटीहूनही अधिक भरतो. पूल जितका सपाट, तितके सबस्टेप अधिक लागतात. याच माळेने केलेल्या पात्राच्या शेपटीचे प्रकरण याहून सौम्य आहे : तिचे दुवे थोडे आणि थोडीफार लवचिकता तिला शोभतेच. तिथे एवढेच सांभाळावे, की पात्र एका दारातून गुप्त होऊन दुसऱ्या दारी प्रकट होते, तेव्हा प्रत्येक बिंदूची दोन्ही स्थाने, आजचे आणि मागचे, सारख्याच अंतराने हलवावीत. केवळ आजचे हलवले, तर त्या फरकालाच वेग समजून शेपटी पडद्याबाहेर भिरकावली जाते.