पिकलेल्या भुवया, विरळ भुवया

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नजर स्थिरावली की आमच्या पार्लरमध्ये येणाऱ्या साठी-सत्तरीच्या बायकांची एक ठरलेली तक्रार असते: "अगं, माझ्या भुवया कुठे गेल्या?" भुवया काही एका रात्रीत जात नाहीत. इतकी वर्षं आरशात धूसर दिसत होतं, म्हणून लक्षात आलं नव्हतं. या तक्रारीवर बाई पेन्सिल उचलते, तिचा नवरा कात्री उचलतो, आणि दोघंही एक गोष्ट तपासायची विसरतात. भुवई खरंच विरळ झाली आहे, की केस आहेत पण पांढरे झाल्यामुळे दिसत नाहीत?

हे घरी बघता येतं. खिडकीपाशी असं बसा की उजेड बाजूने येईल. मस्काऱ्याच्या ब्रशसारखा स्वच्छ, कोरडा ब्रश घेऊन भुवईचे केस उलटे, म्हणजे कानाकडून नाकाकडे फिरवा. पांढरे केस असतील तर चमकून उठतात. बऱ्याच जणींना तेव्हा कळतं की निम्मी भुवई जागेवरच आहे, तिचा रंग तेवढा उडालाय. अशा भुवईला टिंट पुरतो. केसच नसतील तिथे मात्र टिंटचा उपयोग नाही, कारण तो केसाला धरतो. कातडीवर बसलेला रंग दोन-तीन दिवसांत धुऊन जातो. त्या जागेला पावडर हवी.

आधी एक सावधगिरी. वयानुसार भुवया विरळ होतात त्या हळूहळू आणि दोन्हीकडे सारख्याच. बरीच वर्षं थ्रेडिंगमध्ये बारीक कोरलेल्या भुवया तर पुन्हा पूर्ण भरतही नाहीत. पण कानाकडचा तिसरा भाग लवकर गेला आणि सोबत थकवा, वाढतं वजन, सारखी थंडी वाजणं असेल, तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. भुवईत गोल चट्टा पडला, खाज-लाली आली, किंवा कपाळावरची केसांची रेघ मागे सरकायला लागली, तर पार्लरऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. एरंडेल तेलाने केस ओले, गडद आणि चापून बसलेले दिसतात. त्याने नवे केस येतात याला भक्कम पुरावा नाही.

आता टिंट. घरोघरी चालणारा एक प्रकार मला आधी थांबवायचा आहे: डोक्याला कलप लावून झाला की ब्रशला उरलेला भुवईवर ओढायचा. त्या कलपाचं पाकीट उलटून वाचा. पॅराफेनिलीनडायमाइन, म्हणजे पीपीडी, असलेल्या कलपावर 'भुवया व पापण्यांना लावू नये, अंधत्व येऊ शकते' अशा अर्थाची सूचना छापणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे. ती उगाच आलेली नाही. 1933च्या सुमारास अमेरिकेत 'लॅश ल्युअर' नावाचा पापण्यांचा रंग विकला जात असे. त्यातल्या याच जातीच्या रसायनाने बायकांचे डोळे गेले, आणि 1938 साली तिथे सौंदर्यप्रसाधनांवर कायदा आला त्यामागे हेही एक कारण होतं. 'काळी मेहंदी' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांतही बहुधा पीपीडीच असतो. नावात मेहंदी आहे म्हणून ती भुवईला चालते असं नाही.

भुवयांसाठी म्हणूनच बनवलेला टिंट घ्या, आणि शक्यतो हात बसलेल्या बाईकडून लावून घ्या. तोही पूर्ण निर्धोक नाही. त्यातली काही रसायनं पीपीडीची भावंडं असतात. म्हणून 48 तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला ठिपका लावून बघायचा. खाज, लाली, सूज आली तर विषय संपला. पूर्वी कलपाने किंवा काळ्या मेहंदीने त्रास झाला असेल तर ठिपक्याच्याही भानगडीत पडू नका. डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय टिंट नको.

माझी आत्या 68 वर्षांची, केस मीठ-मिरी. ती रोज काजळाच्या पेन्सिलीने भुवई भरायची आणि दुपारपर्यंत घामाने ते काजळ पापणीवर उतरायचं. ठिपक्याची परीक्षा नीट पार पडल्यावर तिला आम्ही मध्यम तपकिरी टिंट लावला. काळा मुद्दाम टाळला. वयाबरोबर केसांचा आणि कातडीचाही गडदपणा उतरतो, त्यावर काळीभोर भुवई चिकटवल्यासारखी दिसते. भुवईभोवती व्हॅसलीनचा पातळ थर दिला, डोळे मिटायला सांगितले आणि पांढरे केस सर्वांत दाट होते त्या मधल्या भागापासून सुरुवात केली, कारण पांढरा केस रंग उशिरा पकडतो. नाकाकडचा भाग सर्वांत शेवटी. दोन-तीन मिनिटांनी कोपऱ्यातला थोडा टिंट ओल्या कापसाने पुसून पाहिला. फिका वाटला म्हणून आणखी थोडा वेळ ठेवला. कमी पडला तर पुन्हा लावता येतो. जास्त झाला तर तो रंग घेऊन आठवडाभर हिंडावं लागतं. पुसल्यावर भुवईचा बराचसा भाग भरलेला दिसला. कानाकडे साधारण सेंटिमीटरभर जागा मात्र खरोखर मोकळी होती.

कात्री चालवायची ती यानंतर. बायका हा क्रम हमखास उलटा करतात. रंग येण्याआधी कापलं तर जो लांब पांढरा केस एखादी फट झाकतोय, तोच जातो. आत्याचे केस वर विंचरले आणि भुवईच्या वरच्या रेघेबाहेर गेलेली टोकं तेवढी, एकेक करून, छोट्या वाकड्या कात्रीने उडवली. मग केस पुन्हा त्यांच्या दिशेने बसवून पाहिले. सगळे एका सरळ रेषेत कापले की भुवई झाडूसारखी ताठ दिसते. पुरुषांच्या भुवयांचे केस या वयात उलट लांब आणि राठ होतात. तिथेही हाच नियम, फक्त सलूनमध्ये 'फणी धरून थोडंच काढा' असं बजावून सांगावं. उपटू मात्र नये, तो केस परत येईलच याची खात्री या वयात नसते. मोठं दाखवणाऱ्या आरशात प्रत्येक केस चुकार वाटतो आणि हात थांबत नाही. कापून झालं की साध्या आरशात, हातभर अंतरावरून बघा.

उरलेल्या सेंटिमीटरभर जागेवर पावडर. चमक नसलेली, राखाडीकडे झुकणारी तपकिरी. तिरप्या टोकाचा कडक ब्रश. पावडर घेतली की ब्रश मनगटावर टेकवून जास्तीची झाडायची आणि कातडीवर ओढण्याऐवजी बारीक ठिपक्यांनी दाबत जायचं. शेवट कुठे करायचा हे ठरवायला नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावरून पेन्सिल तिरपी धरा. ती भुवईला मिळते तिथे थांबा. शेपूट नाकाकडच्या टोकापेक्षा खाली उतरू देऊ नका, नाहीतर डोळा थकलेला दिसतो. नंतर कोरड्या ब्रशने एकदा सगळं विंचरायचं. तेलकट कातडीवर पावडर पेन्सिलीपेक्षा जास्त टिकते, पण मुंबई-कोकणातल्या घामापुढे तीही हरते. तिथे आधी भुवईला थोडं ब्रो-वॅक्स लावून वर पावडर बसवली तर दिवस निभावतो.

टिंट तीन ते सहा आठवडे राहतो. भुवईच्या केसाचं आयुष्यच डोक्यावरच्या केसापेक्षा कितीतरी कमी, जुने रंगलेले केस गळून नवे पांढरे येत राहतात, त्यामुळे यापेक्षा जास्त टिकण्याची अपेक्षा धरू नये. टिंट आणि थ्रेडिंग एका दिवशी करू नका, सोललेल्या कातडीवर रसायन झोंबतं. आणि घरात लग्न असेल तर पहिला टिंट निदान दहा दिवस आधी करा. रंग गडद झालाच तर उतरायला तेवढा वेळ हाताशी राहतो.