भाव सुताचा नव्हे, आडव्या धाग्यांचा

भंडारा जिल्ह्यातल्या आंधळगावसारख्या विणकर गावात पुण्याची डिझायनर सुती स्टोलची ऑर्डर घेऊन येते, तेव्हा बोलणं साधारण असं चालतं.

"काका, 24 स्टोल हवेत. दोन मीटर लांब, 22 इंच रुंद. नमुना 60 नंबरचा आहे, मला 100 नंबर द्या."

"देतो ताई, पण भाव वाढेल."

"सूत तर कमीच लागेल ना?"

तिचं खरं आहे. एका पौंड सुतातून 840 वाराच्या जितक्या लडी निघतात, तो त्याचा नंबर. म्हणून नंबर चढला की धागा बारीक होतो. एकपदरी 60 नंबरच्या स्टोलला सुमारे 50 ग्रॅम सूत लागत असेल, तर 100 नंबरला 40 ग्रॅमच्या आतच भागतं.

"सुतात वाचलं, पण मजुरीत गेलं," काका सांगतात. बारीक धागा विरळ विणला तर कापड जाळीदार होतं, धागे सरकतात. नमुन्यात इंचाला 48 आडवे धागे आहेत, नव्यात 64 लागतील. म्हणजे एका स्टोलला धोटा सुमारे 3,780 ऐवजी 5,040 वेळा फेकायचा. दिवसाला दोन स्टोल उतरायचे, तिथे दीडच उतरेल. दिवसाची मजुरी 700 रुपये धरली, तर एका स्टोलमागे 350 ऐवजी 467 रुपये पडतात. शिवाय बारीक उभा धागा जास्त तुटतो. खळ नीट बसली नाही तर माग सारखा थांबतो.

"मग आधी सहाच करून पाहू?"

"सहा करा की 24, ताण्याचे दीड हजार धागे एकेक करून जोडावेच लागतात." त्या जोडणीला 1,200 रुपये लागले, तर 24 नगांत ते प्रत्येकी 50 होतात आणि सहांत 200.

अखेर 24 नगच ठरतात. सूत, रंग, ताणा, विणाई, गोंडे आणि विणकराचा नफा धरून नगाला 900 रुपये, निम्मे आगाऊ.

"पंधरा दिवसांत मिळतील?"

"मागावरच 16 दिवस जातील. त्याआधी रंगाई आणि ताणा, नंतर गोंडे आणि धुलाई. पावसाळ्यात खळ वाळत नाही. महिना धरा."

एक गोष्ट बाकी राहते. दोन मीटर मागावरचे, की धुतल्यानंतरचे? सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि बहुतेक भांडणं इथेच होतात. म्हणून चिठ्ठीवर नुसतं '100 नंबर' लिहून भागत नाही. एकपदरी की दोनपदरी, इंचाला आडवे धागे किती आणि धुतल्यानंतरचं माप काय, हेही लिहावं लागतं. माल आला की भिंगाखाली एका इंचातले धागे मोजायचे. 64 ऐवजी 52 भरले, तर 900 रुपयांतली विणाई पुरती झालेली नाही, हे दोघांनाही कळतं.