क्रियापदे मोजा, मग वाक्य बदला

'पाऊस थांबल्यावर मुले मैदानात गेली.' 'जेव्हा पाऊस थांबला, तेव्हा मुले मैदानात गेली.' 'पाऊस थांबला आणि मुले मैदानात गेली.' एकाच संध्याकाळची हकीकत ही तिन्ही वाक्ये सांगतात. व्याकरणाच्या हिशेबात मात्र पहिले वाक्य केवल, दुसरे मिश्र आणि तिसरे संयुक्त आहे. एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाण्याला शाळेत वाक्यरूपांतर म्हणतात. शालेय परीक्षांत आणि स्पर्धा परीक्षांत त्यावर प्रश्न येतात आणि त्या प्रश्नांत तीन शब्दांची एक अट असते: 'अर्थ न बदलता'. विद्यार्थी रूप बदलण्याचा सराव खूप करतात. अर्थ जागेवर राहिला का, हे तपासायला फारसे कुणी शिकवत नाही.

नियमाची सुरुवात क्रियापद ओळखण्यापासून होते. 'पाऊस थांबला' एवढे म्हटले तरी विधान पुरे होते. 'पाऊस थांबल्यावर' म्हटले, की ऐकणारा पुढच्या शब्दांची वाट पाहतो. दोन्ही शब्द 'थांब' या एकाच धातूपासून आले आहेत. पण 'थांबला' हे क्रियापद आहे आणि 'थांबल्यावर' हे धातुसाधित. विधान पुरे करण्याचे काम क्रियापदच करते, म्हणून मोजायची ती क्रियापदे. 'येऊन', 'येताना', 'आल्यावर', 'आल्यास', 'येण्यासाठी', 'आलेला', 'येणारा' ही सगळी धातुसाधिते मोजणीतून बाहेर ठेवायची.

आता नियम असा. विधान पुरे करणारे क्रियापद एकच असेल, तर वाक्य केवल. अशी क्रियापदे दोन किंवा अधिक असतील आणि प्रत्येक विधान बरोबरीच्या नात्याने 'आणि', 'पण', 'किंवा', 'म्हणून' अशा अव्ययांनी जोडलेले असेल, तर वाक्य संयुक्त. क्रियापदे दोन, पण एक विधान मुख्य आणि दुसरे 'की', 'जर-तर', 'जो-तो', 'जेव्हा-तेव्हा', 'कारण' यांच्या आधाराने त्याला टेकलेले असेल, तर वाक्य मिश्र. रूपांतर करायचे ते याच मोजणीनुसार. केवल करताना एक क्रियापद ठेवून बाकीच्यांची धातुसाधिते किंवा नामे करायची. संयुक्त किंवा मिश्र करताना धातुसाधिताचे पुन्हा क्रियापद करायचे आणि योग्य जोडशब्द द्यायचा. दोन विधानांमधले नाते मग ते काळाचे असो, कारणाचे, अटीचे की विरोधाचे, तिन्ही रूपांत तेच राहिले पाहिजे.

'आणि' दिसला की वाक्य संयुक्त, हा समज ही मोजणी लगेच दूर करते. 'आई आणि बाबा बाजारात गेले' यात 'आणि' दोन नामांना जोडतो. क्रियापद एकच, म्हणून वाक्य केवल. याच्या उलट, 'ऊन' प्रत्यय दिसला की तिथे दुसरी क्रिया दडलेली असणार असेही नाही. 'त्याने पत्र लिहून पेटीत टाकले' यात खरोखर दोन क्रिया आहेत आणि 'त्याने पत्र लिहिले आणि पेटीत टाकले' हे संयुक्त रूप बिनचूक आहे. पण 'त्याने पत्र लिहून टाकले' यात 'टाकले' काहीही टाकत नाही. काम एकदाचे उरकले, एवढेच ते सांगते. 'लिहून टाकले' हे मिळून एकच संयुक्त क्रियापद आहे. ते तोडून 'लिहिले आणि टाकले' केले, तर न घडलेली गोष्ट वाक्यात येते.

या 'ऊन'ला आणखी एक शिस्त आहे. दोन्ही क्रिया करणारा सहसा एकच असावा लागतो. 'सुमन घरी आली आणि जेवली' याचे 'सुमन घरी येऊन जेवली' होते. 'गाडी आली आणि आम्ही चढलो' याचे मात्र 'गाडी येऊन आम्ही चढलो' होत नाही; तिथे 'गाडी आल्यावर आम्ही चढलो' हेच केवल रूप चालते. तरी 'पाऊस पडून रस्ते निसरडे झाले' हे वाक्य कुणाच्याही कानाला खटकत नाही, जरी पडणारा पाऊस आणि निसरडे होणारे रस्ते वेगळे आहेत. पहिली घटना आपसूक घडली आणि दुसरी तिच्यातून आपसूक उद्भवली, की मराठी ही सूट देते. गाडीत चढणे हे आपसूक होत नाही, माणूस ते ठरवून करतो, म्हणून तिथे ती सूट नाही.

जोडशब्द निवडताना 'म्हणून' फार फसवतो, कारण त्याची दोन कामे आहेत. 'पाऊस पडला म्हणून शेते पिकली' यात तो परिणाम सांगतो. दोन्ही विधाने आपल्या पायावर उभी आहेत, वाक्य संयुक्त. 'पाऊस पडावा म्हणून गावाने प्रार्थना केली' यात तो हेतू सांगतो. 'पडावा' हे घडलेले नाही, ती इच्छा आहे आणि ते विधान प्रार्थनेला टेकून उभे आहे. हे वाक्य मिश्र. ओळखण्याची खूण 'म्हणून'मध्ये नसते, त्याच्या आधीच्या क्रियापदात असते. 'पडला' असेल तर परिणाम, 'पडावा' असेल तर हेतू.

हेच दुसरे वाक्य तिन्ही रूपांत नेऊन पाहावे. केवल रूप सोपे: 'गावाने पावसासाठी प्रार्थना केली.' संयुक्त करताना नुसते 'पाऊस पडला आणि गावाने प्रार्थना केली' म्हटले, तर प्रार्थनेआधीच पाऊस पडून जातो. 'गावाने प्रार्थना केली आणि पाऊस पडला' म्हटले, तर प्रार्थना फळाला आल्याची बातमी होते, जी मूळ वाक्यात नव्हती. हेतू टिकवायचा तर त्याला स्वतंत्र विधानाचे रूप द्यावे लागते: 'गावाला पाऊस हवा होता, म्हणून गावाने प्रार्थना केली.' आता विधाने दोन, जोड बरोबरीची आणि पाऊस पडला की नाही हे मूळ वाक्याइतकेच मोकळे.

'जो-तो'च्या वाक्यांत धोका वेगळा आहे. 'जी मुले उशिरा आली, त्यांना बाहेर थांबावे लागले.' हे मिश्र वाक्य. त्याचे केवल रूप 'उशिरा आलेल्या मुलांना बाहेर थांबावे लागले' हे निर्दोष आहे. संयुक्त रूप म्हणून अनेकजण लिहितात: 'मुले उशिरा आली आणि त्यांना बाहेर थांबावे लागले.' मूळ वाक्यात काही मुले उशिरा आली होती, बाकीची वेळेवर येऊन आत बसली असतील. नव्या वाक्यात सगळीच मुले बाहेर उभी राहिली. 'जी' हा शब्द मुलांतून निवड करत होता आणि तो जाताना निवडही घेऊन गेला. ती परत आणायला एक शब्द पुरतो: 'काही मुले उशिरा आली आणि त्यांना बाहेर थांबावे लागले.'

सगळ्यांत जास्त जपावे लागते ते 'की' आणि 'असे' यांच्या वाक्यांना, कारण तिथे वाक्याबरोबर जबाबदारीही हलते. 'पूल सुरक्षित आहे, असे अभियंत्यांनी सांगितले' हे मिश्र वाक्य. वर्तमानपत्रांत रोज दिसणारे 'अभियंत्यांनी पूल सुरक्षित असल्याचे सांगितले' हे त्याचेच केवल रूप. 'असल्याचे' हे धातुसाधित, क्रियापद एकटे 'सांगितले'. दोन्हींत पुलाची हमी अभियंते देतात. आता संयुक्त करून पाहा: 'पूल सुरक्षित आहे आणि अभियंत्यांनी तसे सांगितले आहे.' इथे पहिली हमी लिहिणाऱ्याने स्वतःच देऊन टाकली, अभियंते फक्त दुजोरा द्यायला उरले. पूल उद्या खचला, तर पहिली दोन वाक्ये खरीच राहतील. तिसरे खोटे ठरेल. अर्थ राखणारे संयुक्त रूप थोडे लांब होते: 'अभियंत्यांनी पुलाची पाहणी करून मत दिले आणि त्यांच्या मते पूल सुरक्षित आहे.' तेही पाहणी झाल्याची माहिती असेल तरच. नसेल तर 'पाहणी करून' हे शब्द गाळायला हवेत.

याला एक अपवाद आहे. 'पूल धोकादायक आहे, हे गावकऱ्यांना ठाऊक होते' या वाक्यात बोलणाराही पुलाचा धोका खरा मानतो. 'ठाऊक असणे' हे खऱ्याच गोष्टीबद्दल बोलले जाते. म्हणून 'पूल धोकादायक होता आणि गावकऱ्यांना ते ठाऊक होते' हे संयुक्त रूप चालते. मात्र या प्रवासात 'आहे'चे 'होता' करावे लागले. गौण वाक्य मुख्य क्रियापदाच्या काळाला धरून असते, त्यामुळे तिथे 'आहे' शोभत होते. विधान मोकळे झाले की त्याला स्वतःचा काळ लागतो. 'सांगणे', 'वाटणे', 'म्हणणे' या क्रियापदांना ही मोकळीक नाही.

केवल रूपाकडे जाताना सर्वनामही बदलते. 'सुनील म्हणाला की मी उद्या येतो' याचे केवल रूप 'सुनीलने आपण उद्या येत असल्याचे सांगितले' असे होते. 'मी' तसाच ठेवला, तर सुनीलऐवजी बोलणाराच उद्या येणार असे ठरते.

अटीच्या वाक्यांपाशी नियमाची मर्यादा दिसते. 'पाऊस पडला नाही तर पेरणी लांबेल' हे मिश्र आणि 'पाऊस न पडल्यास पेरणी लांबेल' हे केवल, यांत काहीच अडत नाही. संयुक्त वाक्यात प्रत्येक विधान आपल्या बळावर उभे असते आणि अट तर अर्धीच असते. तर्काच्या दृष्टीने 'पाऊस पडेल किंवा पेरणी लांबेल' हे रूप जवळचे आहे, पण शेतकरी असे बोलत नाहीत. ते म्हणतात, 'पाऊस पडायला हवा, नाहीतर पेरणी लांबेल.' 'नाहीतर' हा विकल्पाचा जोडशब्द आहे आणि वाक्य संयुक्त आहे. मात्र 'हवा' या शब्दाने त्यात एक अपेक्षा शिरली, जी मूळ वाक्यात नव्हती. समोरच्याला उद्देशून बोलताना ही भर आज्ञेच्या रूपात येते: 'अभ्यास न केल्यास नापास होशील' याचे 'अभ्यास कर, नाहीतर नापास होशील'. परीक्षेत हे उत्तर बरोबर धरले जाते आणि ते धरावे. पण करारात किंवा शासकीय आदेशात 'रक्कम न भरल्यास दंड होईल' असे लिहिलेले असेल, तर ते अटीच्या रूपातच राहू द्यावे. तिथे संयुक्त रूप केले, तर रक्कम भरण्याची आज्ञा दिली गेली होती का, यावर वाद उभा राहू शकतो.