पावती तयार होते, पण उघडत नाही

घरपट्टीच्या सवलतीची शेवटची तारीख, रात्रीचे साडेनऊ. पैसे गेल्याचा बँकेचा एसएमएस आलेला आहे आणि पानावर ‘पावती पहा’ असं बटण दिसतंय. ते दाबलं की चक्र थोडा वेळ फिरतं, थांबतं आणि पान होतं तसंच राहतं. पुन्हा दाबलं तरी तेच. अशा वेळी अनेकांना वाटतं की भरणा झालाच नाही, आणि ते मागे जाऊन दुसऱ्यांदा पैसे भरतात. पुष्कळदा भरणा झालेला असतो आणि पावतीही तयार असते. ती दाखवणारी नवी खिडकी, म्हणजे पॉप-अप, तेवढी ब्राउझरने अडवलेली असते.

ही अडवणूक आली ती जाहिरातींमुळे. १९९० च्या दशकाच्या शेवटी कुठलंही पान उघडलं की चार-पाच जाहिराती आपोआप उघडत. मग ब्राउझरांनी त्यांना आळा घालायला सुरुवात केली. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ सोबत इंटरनेट एक्सप्लोररमध्येही ही सोय आली. पण जाहिरात कुठली आणि पावती कुठली, हे ब्राउझरला कळत नाही. त्याचा नियम एवढाच: माणसाने बटण दाबल्यामुळे खिडकी उघडत असेल तर उघडू द्यायची, पान आपल्या मनाने उघडत असेल तर अडवायची.

गोम आहे ती वेळेत. बटण दाबल्याची परवानगी ब्राउझर फार वेळ धरून ठेवत नाही. क्रोममध्ये ती साधारण ५ सेकंद टिकते, आयफोनवरचा सफारी याहून कडक आहे. आता घरपट्टीचंच उदाहरण पुढे नेऊ. तुम्ही बटण दाबता, पान सर्व्हरकडे पावती मागतं, सर्व्हर पीडीएफ तयार करतो आणि ती आल्यावर पान नवी खिडकी उघडू पाहतं. एरवी सकाळी हे सगळं २ सेकंदांत आटोपतं आणि पावती समोर येते. शेवटच्या रात्री सर्व्हरवर गर्दी असते, त्याच कामाला ८ सेकंद लागतात. तोवर परवानगी संपलेली असते. म्हणूनच तेच संकेतस्थळ, तोच मोबाइल, तेच बटण असूनही पावती कधी उघडते, कधी उघडत नाही. शिवाय एका दाबण्यात एकच खिडकी मिळते. बिल आणि पावती अशा दोन खिडक्या एकदम उघडणाऱ्या पानाची दुसरी खिडकी अडते.

अडवल्याची खूण मात्र असते. संगणकावर क्रोमच्या पत्त्याच्या पट्टीत उजव्या टोकाला छोटं चिन्ह उमटतं. त्यावर क्लिक केलं की `Pop-ups blocked` असं दिसतं आणि खाली अडवलेल्या खिडकीची लिंक असते. आधी त्या लिंकवरच क्लिक करावं. पान रिफ्रेश करू नये, कारण पैसे भरल्यानंतरचं पान रिफ्रेश केलं की तीच माहिती पुन्हा पाठवली जाण्याचा धोका असतो. फायरफॉक्समध्ये पानाच्या वर एक पट्टी येते. अँड्रॉइडवर क्रोम तसाच छोटा संदेश दाखवतो, पण तो काही क्षणांत निघून जातो. तो संदेश असतानाच फक्त त्या संकेतस्थळाला परवानगी द्यावी. सगळ्यांनाच दार उघडून देऊ नये. आयफोनच्या सेटिंगमध्ये सफारीखाली `Block Pop-ups` हे बटण असतं. काम झालं की ते आठवणीने पुन्हा चालू करावं.

कधी खिडकीऐवजी डाउनलोड अडतं. पानाचा पत्ता `https` चा आणि फाइल मात्र जुन्या `http` पत्त्यावर असेल, तर क्रोम ती असुरक्षित म्हणून थांबवतो. अशी फाइल संगणकावर `chrome://downloads` इथे अडकलेली दिसते. ती ठेवून घेण्याचा पर्याय तिथेच मिळतो, पण पत्ता खरोखर त्याच संस्थेचा आहे याची खात्री करूनच तो वापरावा.

एखाद्या ॲपमधल्या लिंकवरून पान उघडलं असेल, तर ते बऱ्याचदा त्या ॲपच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडतं. तिथे नवी खिडकी किंवा डाउनलोड चालेलच असं नाही, आणि खूणही दिसत नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधीच तीन टिंबांच्या मेनूतून पान क्रोममध्ये किंवा सफारीमध्ये उघडून घ्यावं.

तरीही पावती हाती लागली नाही, तर एसएमएसमधला व्यवहार क्रमांक जपून ठेवावा. अनेक संकेतस्थळांवर जुन्या पावत्या पुन्हा छापण्याची सोय असते, तिथे दुसऱ्या दिवशी पाहावं. रेल्वेच्या ई-तिकिटाला तर छापील कागद लागतच नाही. आरक्षणाचा एसएमएस आणि मूळ ओळखपत्र पुरतं.

खरी दुरुस्ती संकेतस्थळ बांधणाऱ्यांच्या हातात आहे, आणि ती अवघड नाही. बटण दाबताक्षणी रिकामी खिडकी उघडून ठेवायची आणि पावती तयार झाली की तिच्यात भरायची. त्याहून सोपं म्हणजे पावती तयार झाल्यावर त्याच पानावर तिची साधी लिंक द्यायची. माणूस त्या लिंकवर स्वतः क्लिक करतो, त्यामुळे सर्व्हरला ८ सेकंद लागोत की ८०, ब्राउझर आडवा येत नाही.