ड्रिलच्या चकमध्ये अडकलेले बिट

भिंतीला भोके पाडणाऱ्या विजेच्या हँड ड्रिलला साधारणपणे 13 मिमीचा, चावीने उघडणारा चक असतो. आत तीन जबडे तिरप्या खाचांमध्ये बसवलेले असतात. चावीने बाहेरची दातेरी कडी फिरवली की आतील आटे या जबड्यांना पुढे ढकलतात. पुढे सरकताना ते एकमेकांजवळ येतात आणि बिट आवळले जाते. मागे सरकले की बिट सुटते.

काँक्रीटमध्ये भोके पाडून 8 मिमीचे बिट चकमध्येच राहिले आणि ड्रिल पावसाळाभर पडून राहिले, तर आट्यांमध्ये शिरलेली सिमेंटची धूळ ओल धरते, जबड्यांना गंज चढतो आणि चक उघडेनासा होतो. अशा वेळी पकडीने बिट बाहेर ओढण्याचा मोह होतो. पण बिट बाहेर ओढले की जबडेही त्याच्याबरोबर पुढे येऊ पाहतात आणि पकड आणखी घट्ट होते.

काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढावा. ड्रिलचे तोंड वर करून जबड्यांच्या फटींत आणि कडीच्या कडेला गंज सोडवणाऱ्या तेलाचे चार-पाच थेंब सोडावेत आणि ड्रिल रात्रभर तसेच उभे ठेवावे. सकाळी चकखाली लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन, चक फिरवत, कडीवर चहूबाजूंनी लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावेत. आधाराशिवाय ठोकल्यास मार आतल्या बेअरिंगवर बसतो.

मग चावी भोकात पूर्ण बसवून तिच्या मुठीकडून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावी. कडी हलली नाही, तर आधी किंचित आवळून पुन्हा उलट फिरवावी. गंजाचा थर तुटायला एवढी हालचाल अनेकदा पुरते. एका भोकातून जमले नाही, तर उरलेल्या दोन भोकांतूनही जोर लावून पाहावा. बिटाच्या टोकावर लाकूड धरून आतल्या दिशेने एखादा हलका ठोका दिला, तर जबडे मागे सरकायला मदत होते. चावी दात सोडून घसरत असेल, तर ती झिजलेली किंवा चुकीच्या मापाची आहे. चावीला पाइप लावून जोर वाढवला, तर तिचे दात किंवा खुंटी तुटते.

इतके करूनही कडी जागची हलली नाही, तर चकच बदलावा लागतो. अनेक ड्रिलमध्ये चक धरून ठेवणारा, उलट्या आट्यांचा स्क्रू जबड्यांच्या मागे, आतच असतो. बिट अडकलेले असताना पेचकस तिथवर पोहोचत नाही. म्हणून हे काम दुरुस्तीच्या दुकानात करून घ्यावे. बिट सुटले, तर जबडे पूर्ण उघडून ब्रशने धूळ काढावी, तेलाचा एक थेंब सोडावा आणि काम संपताच बिट काढून ठेवावे.