पहिल्या बिलाआधीची कागदपत्रे

पुण्यातील एका कारखान्याने यंत्रदुरुस्तीचे काम नव्या कंत्राटदाराला दिले आहे, असे समजू. बिल येते 1,18,000 रुपयांचे: एक लाख मजुरी आणि 18,000 जीएसटी. ते नोंदवण्याआधी लेखा विभागाच्या हाती चार कागद असावे लागतात: पॅन, जीएसटी नोंदणीचा दाखला, रद्द केलेला चेक आणि असल्यास उद्यम दाखला. ते नुसते फाइलला लावून भागत नाही, एकमेकांशी ताडून पाहावे लागतात.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी 27 आणि गोव्यासाठी 30. पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या व्यवसायाचा पॅनच. ती हातातल्या पॅनशी जुळली नाहीत, तर बिल एकाचे आणि नोंदणी दुसऱ्याची असण्याची शक्यता असते. मात्र नोंदणी रद्द झाली तरी छापील दाखला तसाच राहतो. म्हणून क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकून नोंदणी चालू आहे का आणि विवरणपत्रे भरली जातात का, हे त्याच दिवशी पाहावे. पुरवठादाराने हे बिल आपल्या विवरणपत्रात दाखवले नाही, तर कारखान्याला 18,000 रुपयांची वजावट मिळत नाही. कंपोझिशन योजनेतल्या व्यावसायिकाला तर बिलात कर लावताच येत नाही.

पॅनचे चौथे अक्षर टीडीएसचा दर ठरवायला उपयोगी पडते. तिथे ‘पी’ असेल तर व्यक्ती, म्हणजे एक टक्का, हजार रुपये. ‘एफ’ किंवा ‘सी’ असेल तर भागीदारी संस्था किंवा कंपनी, म्हणजे दोन हजार. पॅनच दिला नाही, तर वीस हजार कापावे लागतात. कपात एक लाखावर होते, वेगळ्या दाखवलेल्या जीएसटीवर नाही.

चेकवरून खाते क्रमांक, आयएफएससी आणि खातेदाराचे नाव मिळते. एकट्या मालकाच्या व्यवसायात खाते दुकानाच्या नावाने आणि पॅन मालकाच्या नावाने असतो. त्यात वावगे काही नाही, कारण जीएसटी दाखल्यावर दोन्ही नावे असतात. तिसरेच नाव निघाले तर पैसे थांबवावेत. पुढे ‘आमचे खाते बदलले आहे’ असा ईमेल आला, तर त्यातल्या नंबरवर नव्हे, पहिल्या दिवशी नोंदवलेल्या नंबरवर फोन करून खात्री करावी. फसवणूक बहुधा इथेच होते.

उद्यम दाखला सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. कंत्राटदार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल, तर लेखी करार नसताना 15 दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत टळून रक्कम 31 मार्चला थकीत राहिली, तर तो खर्च त्या वर्षीच्या प्राप्तिकरात वजा होत नाही. पैसे देऊ त्या वर्षी होतो. फक्त खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याकडेही उद्यम दाखला असू शकतो, पण त्याला या मुदतीचे संरक्षण नाही. त्यामुळे दाखल्यावर व्यवसायाचा प्रकारही वाचावा आणि त्यानुसार देय तारीख बिलासोबतच नोंदवावी.